०.४ नोझलवर बीबी का मकबऱ्याची प्रतिकृती: लेयर हाइट आणि लाइन विड्थ किती ठेवावी?

देवगिरीकर

नमस्कार. मी छत्रपती संभाजीनगरला वास्तुकलेच्या चौथ्या वर्षात शिकतो. महाविद्यालयाच्या प्रदर्शनासाठी बीबी का मकबऱ्याची प्रतिकृती थ्रीडी प्रिंटरवर करायची आहे. चौथरा १५० मिमी चौरस असून घुमटाच्या टोकापर्यंतची उंची ९६ मिमी आहे. प्रिंटर साधा, बेड पुढे-मागे हलणारा आहे, त्याला ०.४ मिमीचे पितळी नोझल आहे आणि फिलामेंट पांढरे पीएलए आहे. स्लायसर म्हणून OrcaSlicer वापरतो.

लेयर हाइट ०.२ ठेवली तर स्लायसर अकरा तास दाखवतो, ०.१२ ला साडेसतरा आणि ०.०८ ला सव्वीस. ०.२ वर काढलेल्या लहान नमुन्यात घुमटाच्या माथ्यावर पायऱ्या अगदी डोळ्यांत भरतात, म्हणून ०.०८ कडे वळलो. परंतु ०.०८ करूनही खिडक्यांची जाळी प्रिव्ह्यूमध्ये दिसतच नाही. त्या जागी नुसती मोकळी चौकट दिसते. मॉडेलमध्ये जाळीच्या पट्ट्या ०.३५ मिमी रुंद आहेत.

दुसरी अडचण विजेची आहे. आमच्या भागात सव्वीस तास सलग वीज राहील, याची खात्री कोणी देणार नाही. वीज परत आल्यावर प्रिंट पुढे सुरू होते, पण त्या उंचीवर एक आडवी रेघ कायमची राहते. अशा स्थितीत ०.०६ वर जावे का, की जाळीचा नाद सोडून द्यावा?

वाळूज_टूलरूम

०.०६ वर जाऊ नका आणि जाळीही सोडू नका. तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या तक्रारी एकत्र झाल्या आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

घुमटाच्या पायऱ्या हा लेयर हाइटचा विषय आहे. जाळीच्या पट्टीची रुंदी मात्र आडव्या पातळीत मोजली जाते, आणि तिथे लेयर हाइटचे काही चालत नाही. नोझल एका फेरीत किती रुंद रेघ ओढते, एवढाच तिथे प्रश्न असतो. OrcaSlicer मध्ये ०.४ नोझलसाठी बाहेरच्या भिंतीची `Line width` बहुधा ०.४२ असते. तुमची पट्टी ०.३५ ची, म्हणजे तिच्यात एक पूर्ण रेघसुद्धा मावत नाही, आणि `Wall generator` जर `Classic` वर असेल तर स्लायसर ती पट्टी सरळ वगळतो. थर ०.०८ चा असो की ०.०४ चा, प्रत्येक थरात तीच रेघ तशीच वगळली जाणार. प्रत्येक थर तुमच्याकडून वेळ घेईल आणि जाळी कुठल्याच थरात उमटणार नाही.

`Wall generator` एकदा `Arachne` करून पुन्हा स्लाइस करा. ते रेघेची रुंदी जागेनुसार बदलते. मूळ सेटिंगप्रमाणे नोझलच्या २५ टक्क्यांपेक्षा बारीक भाग ते सोडून देते, आणि त्याहून रुंद पण एका रेघेत न मावणारा भाग किमान ८५ टक्के रुंदीचा, म्हणजे ०.३४ मिमीचा करून छापते. तुमची ०.३५ ची पट्टी त्यात बसेल. प्रिव्ह्यूमध्ये ती दिसेल. पण प्रिव्ह्यूत दिसली म्हणून प्रिंटमध्ये चांगली येईलच असे समजू नका. ०.४ च्या भोकातून ०.३५ ची रेघ काढायची म्हणजे प्लास्टिक ताणले जाते, खालच्या थराला नीट चिकटत नाही, आणि उभ्या जाळीत तर तो धागा नोझलबरोबर ओढला जातो.

मांजराकाठ

लातूरहून लिहितो. माझाही हाच त्रास आहे, म्हणून याच धाग्यात विचारतो. मी दुकानांच्या आणि घरांच्या नावाच्या पाट्या करतो. काळ्या पाटीवर पांढरी उठावाची अक्षरे असतात आणि पाटी आडवी झोपवूनच छापतो. लहान अक्षरांत वेलांटी आणि रफार नीट येत नाहीत. ‘ष्ठ’सारख्या जोडाक्षराचे पोट तर भरूनच जाते. लेयर हाइट ०.२ ची ०.१२ केली, वेळ जवळजवळ पावणेदोन पट झाला, पण अक्षरांत तिळाएवढाही फरक पडला नाही. आता ०.०८ करून पाहावे, असा विचार आहे.

वाळूज_टूलरूम

@मांजराकाठ, तुमच्या पाटीचे उत्तर वरच्या उत्तरातच आहे. पाटी आडवी छापता, म्हणजे अक्षराचा सगळा आकार आडव्या पातळीत आहे आणि लेयर हाइट फक्त अक्षर किती उचलले जाईल, त्या उंचीची वाटणी करते. ०.६ मिमीचा उठाव ०.२ च्या तीन थरांत करा किंवा ०.१२ च्या पाच थरांत, वेलांटी तेवढीच जाड राहणार. उलट ०.२ वर परत या आणि फाँट बदला. ज्याच्या सर्वांत बारीक रेषेची जाडी तुमच्या आकारात ०.४५ मिमीपेक्षा कमी होत नाही, असा एकसारख्या जाडीचा फाँट घ्या. शिरोरेषा आणि अक्षराच्या गाठीमधली मोकळी जागाही तेवढीच हवी, कारण रेघ कडेला किंचित फुगते आणि अरुंद फट ती भरून टाकते.

पाटी उभी छापली असती तर गोष्ट निराळी होती. मग शिरोरेषेची जाडी थरांत मोजली गेली असती आणि तुमचे ०.१२ कामाला आले असते.

गोदातीर

लेयर हाइट निवडताना एक पथ्य पाळावे, असे मी सुचवीन. आकडा नेहमी ०.०४ च्या पटीत ठेवावा: ०.०८, ०.१२, ०.१६, ०.२, ०.२४. झेड अक्षाच्या मोटरची एक पूर्ण पायरी ०.०४ मिमीची असते. त्यामुळे ०.१ किंवा ०.१५ ठेवल्यास मोटर दोन पायऱ्यांच्या मध्ये थांबते आणि भिंतीवर नियमित अंतराने पट्टे दिसतात. मी नांदेडला मूर्तींचे साचे करते, तिथे हा फरक स्पष्ट दिसतो. म्हणून स्लायसरने आपोआप बदललेली लेयर हाइट मी कधीच वापरत नाही.

वाळूज_टूलरूम

गोदातीरताई, तुमचा हिशेब बरोबर आहे, पण तो सगळ्या यंत्रांना लागू होत नाही. एका फेऱ्याला ८ मिमी सरकणारा स्क्रू आणि फेऱ्याला २०० पायऱ्यांची मोटर असेल तरच पूर्ण पायरी ०.०४ ची येते. स्क्रू फेऱ्याला २ मिमी सरकणारा असेल तर पायरी ०.०१ ची होते आणि मग ०.१ व ०.१५ हेही पटीतच येतात. शिवाय मोटर मायक्रोस्टेपवर चालते, त्यामुळे दोन पायऱ्यांच्या मध्ये ती थांबू शकते. तिथली धरून ठेवण्याची अचूकता थोडी कमी असते, इतकेच. देवगिरीकरांना मी ०.०४ च्या पटीतलेच आकडे देणार आहे, कारण त्यात तोटा काही नाही. पण पट्टे दिसले की दोष लेयर हाइटला देण्याआधी स्क्रू वाकलेला आहे का, आणि त्याचा नट घट्ट आवळून बसवल्यामुळे अडतो आहे का, हे पाहावे.

गोदातीर

स्क्रू आणि नट दोन्ही तपासले आहेत. ०.१५ वर पट्टे येतात आणि ०.१६ वर येत नाहीत, हा माझा अनुभव आहे. कारण तुम्ही म्हणता ते असेलही, पण मी ०.०४ ची पट सोडणार नाही.

आंबेजोगाई_लॅब

मी शाळेच्या अटल टिंकरिंग लॅबमध्ये शिकवतो. आमच्याकडे तासिका संपायच्या आत प्रिंट उतरली पाहिजे, म्हणून मी उलट्या टोकाकडून विचारतो. लेयर हाइट ०.२८ आणि लाइन विड्थ ०.६ ठेवली, तर कागदावर वेळ निम्म्याच्या खाली यायला हवा. प्रत्यक्षात स्लायसर फारसा फरक दाखवत नाही. वेग १०० ठेवला आहे. असे का व्हावे?

वाळूज_टूलरूम

सर, नोझलमधून दर सेकंदाला किती प्लास्टिक वितळून बाहेर पडू शकते, याला मर्यादा असते. साध्या हॉटएंडवर पीएलएसाठी ती १० घन मिमीच्या आसपास धरावी. ०.६ गुणिले ०.२८ म्हणजे ०.१६८, आणि दहाला त्याने भागले की वेग जेमतेम ६० मिमी प्रति सेकंद निघतो. फिलामेंटच्या सेटिंगमध्ये `Max volumetric speed` भरलेले असते, त्यामुळे तुम्ही १०० लिहिले तरी स्लायसर वेग तिथेच अडवतो. रेघ जाड केली की ती हळू ओढावी लागते. त्या मर्यादेला टेकल्यावर घनफळ तेवढेच राहते, म्हणून वेळ घटत नाही. मर्यादा जबरदस्तीने वाढवली तर एक्सट्रूडर टकटक वाजू लागतो, भिंत मंद आणि खरखरीत दिसते, आणि तुकडा थरांमधून हाताने सुटतो.

०.०८ च्या थरात परिस्थिती उलटी असते. तिथे ०.४२ रुंदीने आणि ६० च्या वेगाने दर सेकंदाला फक्त २ घन मिमी प्लास्टिक लागते. हॉटएंड जवळजवळ रिकामा बसलेला असतो आणि वेळ जातो तो हेड धावण्यात, वळण्यात आणि थांबण्यात.

तुमच्या कामाला रुंद रेघ सगळीकडे नको. बाहेरची भिंत ०.४२, आतली ०.४५ आणि इनफिल ०.५५ ठेवा, थर ०.२४ चा ठेवा. बाहेरून दिसणारी रेघ बारीकच राहील आणि आतला माल लवकर भरेल.

आंबेजोगाई_लॅब

समजले. म्हणजे नोझल बदलल्याशिवाय एका मर्यादेपलीकडे वेळ वाचत नाही. पण मग देवगिरीकरांना ०.२ चे नोझल लावायला का सांगत नाही? जाळीचा प्रश्न मुळातूनच सुटेल.

वाळूज_टूलरूम

सुटेल, पण त्यांनी सांगितलेल्या अडचणीत तो उपाय बसत नाही. ०.२ च्या नोझलवर थर साधारण ०.१५ च्या वर जाऊ शकत नाही आणि रेघ ०.२२ च्या आसपास असते. सबंध वास्तू त्याने छापायची तर सव्वीस तासही कमी पडतील, आणि नोझल चोंदण्याची कटकट वेगळीच. एका खिडकीसाठी अख्खा मकबरा बारीक सुईने विणू नये.

आता देवगिरीकरांच्या कामाचा हिशेब सविस्तर मांडतो.

घुमटाच्या पायऱ्या आधी घेऊ. पायरी किती रुंद दिसते, हे उतारावर ठरते. पृष्ठभाग जमिनीशी ६० अंशांचा कोन करत असेल तर ०.२ च्या थरात पायरी सुमारे ०.११५ मिमी रुंद येते. हातभर अंतरावरून ती जाणवत नाही. घुमटाच्या माथ्याजवळ उतार १० अंशांवर आला की तोच ०.२ चा थर १.१३ मिमीची पायरी तयार करतो. तिथे ०.०८ केले तर ती ०.४५ वर येते. म्हणजे बारीक थराची गरज फक्त माथ्याच्या काही मिलिमीटरना आहे. चौथरा, भिंती आणि घुमटाचा फुगलेला पोटाचा भाग उभाच असल्यामुळे तिथे ०.०८ चा काही उपयोग नाही.

तुमच्या ९६ मिमी उंचीत खालचे ५८ मिमी बांधकाम आणि वरचा ३८ मिमी घुमट, असे मी धरतो. मॉडेलमध्ये वेगळे असेल तर आकडे बदला. खालचे ५८ मिमी ०.२ ने, म्हणजे २९० थर. घुमटाचे पहिले २४ मिमी ०.२ ने, १२० थर. पुढचे १० मिमी ०.१२ ने, ८३ थर. शेवटचे ४ मिमी ०.०८ ने, ५० थर. एकूण ५४३ थर होतात. सगळे ०.२ ने केले असते तर ४८० झाले असते आणि सगळे ०.०८ ने केले तर १२००. जे ६३ थर वाढले तेही माथ्याजवळचे, घेराने लहान. तिथे प्रत्येक थराला थंड व्हायला किमान वेळ द्यावाच लागतो. हा वेळ आठ सेकंद धरला तर शेवटचे पन्नास थर सात मिनिटांत होतात. OrcaSlicer मध्ये वरच्या पट्टीवर `Variable layer height` आहे. त्यात आधी `Adaptive` दाबा, मग `Smooth`, आणि नंतर उजवीकडच्या आलेखात बारीक भाग खरोखर माथ्यावरच आहे ना, हे तपासा.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. माथ्यावर थर बारीक झाले की छताच्या थरांची संख्या वाढवावी लागते. ०.२ चे चार थर म्हणजे ०.८ मिमी जाडीचे छत, ०.०८ चे चार थर म्हणजे जेमतेम ०.३२. तेवढ्यात खालच्या इनफिलची जाळी वर उमटते आणि माथ्याला बारीक भोके पडतात. तिथे दहा थर ठेवा.

देवगिरीकर

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. `Adaptive` करून पाहिले, पण चार मीनारांच्या डोक्यावरच्या छोट्या घुमट्या मुख्य घुमटाच्या पोटाच्या उंचीला येतात. त्यांच्यासाठी स्लायसर त्या उंचीचा सगळाच पट्टा ०.०८ चा करतो, आणि वेळ पुन्हा सोळा तासांवर जातो. शिवाय त्या उंचीवर नोझल चारही कोपऱ्यांत धावते आणि मीनारांमध्ये धागे ओढले जातात.

वाळूज_टूलरूम

एका वस्तूत एका उंचीला एकच लेयर हाइट असते, त्यामुळे असे होणारच. मीनार वेगळे छापा. घुमटही वेगळा छापा आणि जोड घुमटाच्या बुडाशी घ्या. मूळ वास्तूतही मधले बांधकाम काळ्या दगडाचे, वर गिलावा केलेले आहे आणि घुमट संगमरवरी आहे. त्यामुळे तिथे जोडाची रेघ दिसली तरी ती डोळ्याला खुपणार नाही. खुंटी आणि खाच यांच्यात दोन्ही बाजूंना ०.१ ची सूट ठेवा. याचा आणखी एक फायदा असा की कुठलाच तुकडा सात तासांच्या वर जाणार नाही. वीज गेली तर एक तुकडा जाईल, सगळे काम जाणार नाही.

जाळीसुद्धा भिंतीबरोबर उभी छापू नका. ती वेगळी, बेडवर आडवी छापा आणि चौकटीत मागून बसवा. उभ्या जाळीत आडव्या पट्ट्या हवेत लोंबतात आणि उभ्या पट्ट्या एकट्या रेघेच्या सुळक्यांसारख्या डुलतात. आडवी छापली की ०.२ चे चार थर, ०.८ मिमी जाडी, आणि एक खिडकी काही मिनिटांत होते.

पट्टीची रुंदी मॉडेलमध्ये बदलावी लागेल. ०.४२ ठेवा किंवा ०.८ ठेवा. ०.४२ मध्ये बरोबर एक रेघ बसते. दोन रेघा शेजारी ओढल्या की त्यांच्या गोल कडा एकमेकींत थोड्या शिरतात, म्हणून ०.४२ च्या दोन रेघा ०.२ च्या थरात ०.८४ नव्हे, तर जवळपास ०.८ होतात. ०.६ मात्र टाळा. तिथे एक रेघ कमी पडते आणि दोन मावत नाहीत. मग `Classic` मध्ये दोन रेघा एकमेकींवर चढून पट्टी फुगते, आणि `Arachne` मध्ये काही ठिकाणी एक जाड रेघ तर काही ठिकाणी दोन बारीक, असा तुकड्यातुकड्यांचा कारभार होतो.

गोदातीर

०.४२ च्या एकेरी रेघेची जाळी बेडवरून काढताना तुटेल. पहिल्या थराची रुंदी बहुतेक प्रोफाइलमध्ये ०.५ असते, तोही विचार करा. पहिला थर रुंद झाला की जाळीची भोके एका बाजूने लहान दिसतात. मी अशा वेळी पहिल्या थराचीही रुंदी ०.४२ ठेवते आणि बेड पूर्ण थंड झाल्याशिवाय हात लावत नाही.

मांजराकाठ

माझ्या पाटीवर हे लागू पडले. ०.२ वर परत आलो, एकसारख्या जाडीचा फाँट घेतला, ‘प्रतिष्ठान’मधला ‘ष्ठ’ वाचता येतो. रफार अजून तुटक येतो, पण ते अक्षर मुळातच लहान आहे. गिऱ्हाइकाला पाटी थोडी मोठी घ्यायला सांगितले आहे.

देवगिरीकर

जाळीची एक खिडकी गोदातीरताईंच्या सूचनेप्रमाणे पहिल्या थरासह ०.४२ वर काढली. पट्ट्या एकसारख्या आल्या, भोके मोकळी आहेत. ०.८ च्या पट्टीची जाळी मजबूत झाली, पण या आकाराला फार जाडजूड दिसते, म्हणून बाहेरच्या खिडक्यांना ०.४२ आणि आतल्या कबरीभोवतीच्या अष्टकोनी जाळीच्या पडद्याला ०.८ असे ठरवले आहे. तो पडदा स्वतःच्या पायावर उभा राहायला हवा.

घुमटही काढला. माथ्यावरच्या पायऱ्या जवळून पाहिल्या तरच दिसतात आणि छताचे दहा थर केल्यामुळे भोके नाहीत. परंतु २४ मिमी उंचीवर, जिथे ०.२ चे ०.१२ होते, तिथे चकाकी बदललेली दिसते. उजेड तिरपा पडला की खालचा भाग मंद आणि वरचा तुकतुकीत दिसतो. `Smooth` वापरले होते. यावर काही करता येईल का?

वाळूज_टूलरूम

थर बारीक झाला की दर सेकंदाला लागणारे प्लास्टिक कमी होते. ते नोझलमध्ये जास्त वेळ राहते आणि अधिक चकाकते. बदल एका झटक्यात न करता ०.२ पासून ०.१२ पर्यंत सात-आठ मिमीत हळूहळू उतरवा, आणि बाहेरच्या भिंतीचा वेग दोन्ही भागांत सारखा, ३० च्या आसपास ठेवा. खालच्या भागाला थोडा वेळ जास्त लागेल. फरक कमी होईल; पूर्ण जाईल असे मी म्हणणार नाही.

गोदातीर

पांढऱ्या पीएलएवर हा फरक जात नाही, असा माझा अनुभव आहे. मी सबंध घुमट ०.१२ ने काढते. थर वाढतात, पण तुकडा लहान असल्यामुळे तास-दीड तासाचाच फरक पडतो आणि चकाकी एकसारखी राहते. माथ्यावर मग पाऊण मिलिमीटरच्या आत पायरी राहते, ती ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावून घासता येते.

वाळूज_टूलरूम

प्रदर्शनाच्या दिव्याखाली ठेवायचे असेल तर ताईंचा मार्ग बरा. घासलेल्या जागेची चकाकी मात्र पुन्हा वेगळी दिसेल, म्हणून घासायचे असेल तर प्रायमर मारावा लागेल. प्रायमर मारणार असाल तर मुळात चकाकीचा प्रश्नच उरत नाही आणि माझी पद्धतही चालेल.

देवगिरीकर

प्रायमर मारायचा की नाही, हे सरांना विचारून ठरवतो. पांढरा तसाच ठेवावा, असा त्यांचा आग्रह होता. तोपर्यंत मीनार ०.१६ वर लावले आहेत.